मुलाखतींचं वेळापत्रक कसं बनवायचं: दोन पॅनल, दोन रूम, आठ उमेदवार आणि एक शीट

जळगाव एमआयडीसीत, भुसावळला, धुळ्याला कुठंही कंपनीत एचआरला नवीन लागलात की पहिल्या महिन्या-दोन महिन्यात हे काम अंगावर येतंच, "शनिवारी इंटरव्ह्यू आहेत, जरा शेड्यूल बनवून टाक." आणि बहुतेक जण काय करतात तर वर्डमध्ये एक टेबल काढतात, नावं आणि वेळा टाकतात, प्रिंट मारतात, झालं. मग शनिवारी सकाळी अकरा वाजता कळतं की प्लांट हेड एकाच वेळी दोन रूममध्ये पाहिजेत, आणि शहाद्याहून आलेला मुलगा साडेतीनपर्यंत नुसता बाकावर बसलाय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, एकच उदाहरण घेऊन, गुगल शीटवर. एक्सेलमध्येही हेच फॉर्म्युले जसेच्या तसे चालतात.

उदाहरण असं धरा. पाईप बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरची जागा आहे, आठ जण बोलावलेत. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, आधी टेक्निकल, मग एचआर. टेक्निकल पॅनलमध्ये प्लांट हेड आणि मेंटेनन्सचे महाजन सर, एचआर पॅनलमध्ये एचआरच्या चौधरी मॅडम आणि अजून एक जण. रूम दोन, कॉन्फरन्स आणि ट्रेनिंग.

एक ओळ म्हणजे एक मुलाखत

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा. नवीन माणूस एका उमेदवाराला एक ओळ देतो आणि टेक्निकलची वेळ, एचआरची वेळ असे कॉलम आडवे वाढवत नेतो. दिसायला ते बरं दिसतं पण मग कुठली रूम कधी मोकळी, कोण कुठं अडकलंय हे शीटला शोधताच येत नाही, कारण वेळा दोन वेगवेगळ्या कॉलममध्ये विखुरलेल्या असतात. म्हणून आठ उमेदवार गुणिले दोन फेऱ्या, सोळा ओळी. कॉलम या क्रमानं घ्या, कारण पुढचे फॉर्म्युले याच अक्षरांवर आहेत: A उमेदवार कोड, B तारीख, C सुरुवात, D शेवट, E फेरी, F पहिला मुलाखतकार, G दुसरा मुलाखतकार, H रूम, I हजेरी, J पहिल्याचे गुण आले का, K दुसऱ्याचे गुण आले का, L स्थिती. M पासून पुढे टक्कर तपासायचे कॉलम.

नाव, मोबाईल, गाव, सध्याचा पगार हे सगळं वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, इथं फक्त कोड. हे वेळापत्रक गेटवर जातं, रिसेप्शनला जातं, चहावाल्या काकांच्याही हातात पडतं, तिथं कोणाचा पगार दिसायचं काही कारण नाही.

वेळ मांडताना आधी पॅनलची वेळ मोजा

टेक्निकल मुलाखत तीस मिनिटांची ठरली तर स्लॉट चाळीस मिनिटांचा धरायचा. वरची दहा मिनिटं पॅनलला गुण लिहायला. ही दहा मिनिटं काढून टाकायचा मोह सगळ्यांना होतो, "दिवसात दोन जास्त होतील ना भाऊ". तसं केलं की मुलाखतकार गुण संध्याकाळी आठवून भरतात, आणि आठवून भरलेल्या गुणांत शेवटचे दोन जण नीट लक्षात असतात, मधले चार सगळे सारखेच वाटतात आणि सगळ्यांना सहा-सात पडतात. एचआरची फेरी वीस मिनिटांची, स्लॉट तीसचा.

टेक्निकल सुरू होते १०:०० ला. मग १०:४०, ११:२०. यानंतर १२:०० ला चौथा घेऊ नका, वीस मिनिटं मोकळी सोडा आणि चौथा १२:२० ला घ्या. पाठोपाठ तीन मुलाखती झाल्या की थोडा उशीर साचतोच, तो या वीस मिनिटांत जिरतो आणि जेवणाच्या पुढे जात नाही. १:०० ते १:४० जेवण, मग १:४०, २:२०, ३:०० आणि ३:४०. आठवा माणूस ४:२० ला टेक्निकलमधून मोकळा.

उमेदवार टेक्निकलमधून तीस मिनिटांनी बाहेर येतो, पॅनल दहा मिनिटं लिहीत बसतं, तेवढ्यात तो पाणी पितो, दम घेतो आणि चाळीसाव्या मिनिटाला एचआरच्या रूममध्ये जातो. म्हणजे एचआरच्या वेळा १०:४०, ११:२०, १२:००, १:००, २:२०, ३:००, ३:४०, ४:२०. इथं बघा, चौथ्याची एचआर फेरी १:०० ला आहे म्हणजे टेक्निकलवाले जेवत असताना एचआर पॅनल कामात. त्यांचं जेवण १:३० ला धरा, २:२० पर्यंत त्यांना भरपूर वेळ आहे. कॅन्टीनला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर मॅडम जेवायला गेल्यावर भाजी संपलेली असते.

कोणाला कुठला स्लॉट, हे गाव विचारून ठरवा

अर्ज आले त्या क्रमानं किंवा नावाच्या अक्षरानुसार स्लॉट वाटू नका. फोन करताना दोनच प्रश्न विचारा, कुठून येणार आणि कशानं येणार. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे, कारण सुरत-भुसावळ लाईनवरचा नंदुरबार, अमळनेर, धरणगावचा माणूस गाडीच्या वेळेला बांधलेला असतो, तर चोपडा, शहादा इकडचा एसटीला. जळगावातल्या माणसाला दहाचा स्लॉट काहीच जड नाही, शहाद्याच्या माणसाला दहाला बोलावलं तर तो बिचारा आदल्या रात्री येऊन कोणाकडे तरी मुक्काम करतो किंवा पहाटे अंधारात निघतो.

आपल्या उदाहरणात तीन जण जळगावचे, एक भुसावळचा, बाकी अमळनेर, शहादा, धुळे, चोपडा. मी असं लावतो: १०:०० आणि १०:४० जळगाव, ११:२० अमळनेर, १२:२० शहादा, १:४० धुळे, २:२० चोपडा, ३:०० भुसावळ, ३:४० जळगाव. म्हणजे जवळचे दोन्ही टोकांना, लांबचे मध्ये. शहाद्याचा मुलगा दोन्ही फेऱ्या करून १:२० पर्यंत मोकळा होतो, दिवसाउजेडी घरी पोचतो. आणि दुपारी मी मोकळी वीस मिनिटं ठेवली नाहीत तीही याचमुळं, उशीर झालाच तर तो शेवटच्या दोघांवर पडणार आणि ते भुसावळ-जळगावचे आहेत, त्यांची गाडी चुकत नाही.

वेळ टाईप करताना तीन गोष्टी

पहिली, शीटमध्ये आकडे इंग्रजी टाका. मराठी कीबोर्डनं १०:४० लिहिलं तर शीट त्याला वेळ न समजता नुसता मजकूर समजतं आणि पुढचं कुठलंच गणित चालत नाही. ओळखायचं कसं, तर खरी वेळ खान्यात उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे चिकटून राहतो.

दुसरी, दुपारच्या वेळा चोवीस तासांत टाका, 13:40. नुसतं 1:40 टाकलं तर शीटच्या हिशोबानं ती रात्रीची पावणेदोनच्या आसपासची वेळ होते. दिसायला सगळं बरोबर दिसतं, पण क्रम लावला की दुपारचे उमेदवार सकाळच्या वर जाऊन बसतात. असं दिसलं की समजायचं काय झालंय ते.

तिसरी, शेवटची वेळ हातानं टाकू नका, फेरीवरून काढू द्या. D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=C2+IF(E2="टेक्निकल",TIME(0,40,0),TIME(0,30,0))
```

आता फेरीचं नाव, रूम, मुलाखतकार हे सगळे कॉलम ड्रॉपडाउनचे करा, Data मध्ये Data validation. टाईप करू देऊच नका कोणाला. कारण शीटला पाटील आणि पाटिल ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि आपल्या खान्देशात तर एकाच कंपनीत चार पाटील, तीन चौधरी, दोन महाजन असायचेच. म्हणून ड्रॉपडाउनमध्ये खात्यासकट नाव घ्या, "मेंटेनन्स महाजन", "प्रॉडक्शन पाटील", "एचआर चौधरी". लोकही तसंच बोलतात, त्यामुळं गोंधळ होत नाही.

टक्कर शोधायचा फॉर्म्युला

या लेखातला हा सगळ्यात कामाचा भाग आहे, जरा सावकाश वाचा. टक्कर तीन प्रकारची असते. एकाच रूममध्ये दोन मुलाखती, एकच मुलाखतकार दोन ठिकाणी, किंवा एकच उमेदवार दोन ठिकाणी. तिन्हीचं तत्त्व एकच. माझी मुलाखत संपायच्या आधी दुसरी सुरू होते आणि माझी सुरू झाल्यानंतर दुसरी संपते, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच त्या दोन मुलाखती एकमेकींवर चढलेल्या असतात. फक्त सुरुवातीची वेळ सारखी आहे का एवढंच बघितलं तर १०:४० ते ११:२० आणि ११:०० ते ११:३० ही टक्कर सुटून जाते.

M2 मध्ये रूमसाठी:

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$60=B2)*($H$2:$H$60=H2)*
($C$2:$C$60<D2-TIME(0,0,30))*($D$2:$D$60>C2+TIME(0,0,30)))
```

उत्तर १ आलं तर ठीक, कारण ती ओळ स्वतःलाच मोजते. २ किंवा जास्त आलं की टक्कर. यात जी तीस सेकंद घुसवलीत ती उगाच नाहीत. शीट वेळ दशांशात साठवतं, दिवसाचा अमुक भाग असं, आणि बेरजेनं काढलेली १०:४० आणि हातानं टाकलेली १०:४० यांच्यात फार लांबच्या दशांश स्थळावर कधीकधी बारीक फरक राहतो. मग पाठोपाठचे दोन स्लॉट, जे खरं तर नीट लागलेत, ते टक्कर म्हणून दिसायला लागतात आणि माणूस डोकं धरून बसतो. अर्ध्या मिनिटाची सूट दिली की हा त्रास जातो.

N2 मध्ये पहिल्या मुलाखतकारासाठी तोच फॉर्म्युला, फक्त रूमच्या जागी दोन्ही मुलाखतकारांचे कॉलम:

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$60=B2)*($F$2:$G$60=F2)*
($C$2:$C$60<D2-TIME(0,0,30))*($D$2:$D$60>C2+TIME(0,0,30)))
```

O2 मध्ये हाच, पण F2 च्या जागी G2, दुसऱ्या मुलाखतकारासाठी. P2 मध्ये उमेदवारासाठी, तिथं ($A$2:$A$60=A2). एक लक्षात ठेवा, G रिकामा असेल तर रिकामं रिकाम्याशी जुळतं आणि खोटी टक्कर दिसते, म्हणून प्रत्येक ओळीत दोन्ही मुलाखतकार भरल्याशिवाय O कॉलमवर विश्वास ठेवू नका. रूमचंही तेच.

मग Format मध्ये Conditional formatting, Custom formula is, आणि =MAX($M2:$P2)>1 टाकून पूर्ण ओळ लाल करा.

आता आपल्या उदाहरणात हे कसं पकडलं जातं ते बघा. साहेब म्हणाले, "एचआरच्या फेरीतही प्लांट हेड बसतील, त्यांनाही बोलायचंय सगळ्यांशी." तुम्ही एचआरच्या आठही ओळींत G मध्ये प्लांट हेड टाकलं. रूम वेगळी, त्यामुळं M सगळीकडे १. उमेदवार वेगळा, P सगळीकडे १. डोळ्यांनी बघितलं तर काहीच चूक दिसत नाही. पण १०:४० ला पहिला उमेदवार एचआरमध्ये आणि दुसरा टेक्निकलमध्ये, प्लांट हेड दोन्हीकडे, त्यामुळं दोन्ही ओळी लाल. अशा दिवसभरात फक्त दोन जोड्या सुटतात, १:०० ची जी त्यांच्या जेवणाच्या वेळेत येते, आणि ४:२० ची कारण तेव्हा टेक्निकल संपलेलं असतं. बाकी सहा ठिकाणी लाल.

अशा वेळी वेळा इकडंतिकडं सरकवत बसू नका, कितीही सरकवल्या तरी दोन पॅनल एकाच वेळी चालवायची आणि माणूस एकच, हे जमणारच नाही. साहेबांना शीट दाखवा आणि दोन पर्याय द्या. एक तर एचआरमध्ये प्लांट हेडच्या जागी प्रॉडक्शन पाटील बसतील आणि प्लांट हेड शेवटी निवडक दोघा-तिघांशी फोनवर किंवा दुसऱ्या दिवशी बोलतील. नाहीतर एकच पॅनल ठेवा आणि आठ जणांना दोन दिवसांत बोलवा. मी पहिला पर्याय सुचवतो, कारण दुसऱ्यात प्लांट हेडचे दोन दिवस जातात आणि ते ऐनवेळी "मशिन बंद पडलंय" म्हणून उठून जाण्याची शक्यता दुप्पट होते.

मूल्यांकनाची स्थिती

हजेरीच्या I कॉलमला ड्रॉपडाउनमध्ये दोनच शब्द ठेवा, "आले" आणि "गैरहजर". J आणि K मध्ये "हो", एवढंच. स्थिती हातानं लिहू नका, L2 मध्ये हे टाका:

```
=IF(I2="गैरहजर","लागू नाही",IF(I2<>"आले","यायचे आहेत",
IF(COUNTIF(J2:K2,"हो")=2,"पूर्ण",
IF(COUNTIF(J2:K2,"हो")=1,"एक बाकी","दोन्ही बाकी"))))
```

दुपारी १२:०५ ला शीट साधारण असं दिसेल (तारीख, गुणांचे कॉलम आणि काही ओळी इथं गाळल्यात):

| कोड | सुरुवात | शेवट | फेरी | मुलाखतकार | रूम | हजेरी | स्थिती |
|---|---|---|---|---|---|---|---|
| उ१ | 10:00 | 10:40 | टेक्निकल | प्लांट हेड, मेंटेनन्स महाजन | कॉन्फरन्स | आले | पूर्ण |
| उ१ | 10:40 | 11:10 | एचआर | एचआर चौधरी, प्रॉडक्शन पाटील | ट्रेनिंग | आले | पूर्ण |
| उ२ | 10:40 | 11:20 | टेक्निकल | प्लांट हेड, मेंटेनन्स महाजन | कॉन्फरन्स | आले | एक बाकी |
| उ२ | 11:20 | 11:50 | एचआर | एचआर चौधरी, प्रॉडक्शन पाटील | ट्रेनिंग | आले | पूर्ण |
| उ३ | 11:20 | 12:00 | टेक्निकल | प्लांट हेड, मेंटेनन्स महाजन | कॉन्फरन्स | आले | एक बाकी |
| उ४ | 12:20 | 13:00 | टेक्निकल | प्लांट हेड, मेंटेनन्स महाजन | कॉन्फरन्स | | यायचे आहेत |

उ२ आणि उ३, दोन्हीकडं टेक्निकलमध्ये एक बाकी. K कॉलम बघितला की कळतं कोणाचे राहिलेत, समजा महाजन सरांचे. सलग दोन राहिले म्हणजे तिसराही राहणार, म्हणून १२:०० ते १२:२० च्या मोकळ्या वेळातच रूममध्ये जाऊन दोन्ही कागद मागून घ्या, जेवणापर्यंत थांबू नका. आणि पहिल्याच दिवशी नियम सांगून टाका, आधीच्याचा गुणांचा कागद हातात आल्याशिवाय पुढचा उमेदवार आत सोडणार नाही. हे नवीन माणसाला साहेबांना सांगायला जड जातं, खरंय, पण गोड आवाजात सांगितलं तर कोणी रागवत नाही.

या शीटमध्ये गुण मात्र लिहायचे नाहीत, फक्त आले की नाही एवढंच. महाजन सरांनी प्लांट हेडचा आठ बघितला की त्यांचा पाच आपोआप सात होतो, वरिष्ठांसमोर कोण वेगळं बोलणार. दोघांनी न बोलता आपापल्या कागदावर लिहायचं, तुम्ही ते गोळा करून वेगळ्या फाईलमध्ये चढवायचं, आणि दोन्ही आल्यावरच चर्चा. गुणांचे कॉलम याच शीटमध्ये घेऊन लपवून ठेवायचा विचार करू नका, लपवलेला कॉलम एडिटवाला उघडतो आणि नुसतं बघायची परवानगी असलेलाही कॉपी काढून उघडू शकतो. "सिलेक्ट", "रिजेक्ट" असले शब्दही इथं नकोत, उमेदवार रिसेप्शनच्या टेबलाशी उभा असतो आणि त्याला स्क्रीन दिसते.

शनिवारी प्रत्यक्षात

शीट बदलायचा हक्क एकालाच, बाकी सगळ्यांना फक्त बघायला. आदल्या संध्याकाळी तीन प्रिंट काढा, आडव्या पानावर, कोडच्या जागी वेगळ्या फाईलमधली नावं घेऊन: प्रत्येक रूमच्या दारावर त्या रूमपुरती वेळ आणि नाव, गेटवर सगळ्यांची नावं आणि यायची वेळ. लाईट गेली, नेट गेलं तरी काम थांबत नाही. गेटवरच्या कागदावर यायची वेळ स्लॉटच्या वीस मिनिटं आधीची लिहा आणि वॉचमन काकांना तोंडीही सांगा, नाहीतर दर दहा मिनिटांनी त्यांचा फोन येतो, "भाऊ, आता कोणाले धाडू?" एप्रिल-मेमध्ये तर बाहेर उभं करूच नका कोणाला, आपल्याकडचं ऊन माहितीये, आत पंख्याखाली बाक आणि पाण्याचा माठ एवढं तरी पाहिजे.

कोणी आलं नाही तर पंधरा मिनिटं थांबा, एक फोन करा. उचलला आणि "अमळनेरहून गाडी लेट आहे" म्हणाला तर त्याची जागा दुपारी शोधा आणि त्याच्या दोन्ही ओळींमधली फक्त सुरुवातीची वेळ बदला, शेवट आणि टक्कर शीट आपोआप काढेल. समजा त्याचं टेक्निकल ४:२० ला टाकलं. तेव्हा टेक्निकल पॅनल मोकळं आहे, रूम मोकळी आहे, त्याचं एचआर ५:०० ला, कुठंच लाल नाही. पण हेच टेक्निकल ४:०० ला टाकून बघा, लगेच रूम आणि दोन्ही मुलाखतकार लाल होतात, कारण आठवा उमेदवार ४:२० पर्यंत तिथंच आहे. आणि लाल नाही म्हणून लगेच फोन करून टाकू नका, आधी पॅनलला विचारा साडेपाचपर्यंत थांबाल का, आणि उमेदवारालाही विचारा परतीची गाडी कितीची आहे. हे दोन्ही शीटला माहीत नसतं.

फोन उचललाच नाही तर दोन्ही ओळींत "गैरहजर" टाका. ओळ काढून टाकू नका, नंतर कोणी विचारलं की याला बोलावलं होतं का, तर उत्तर तिथंच सापडलं पाहिजे. आणि पुढच्यांना लवकर बोलवायची घाई नको. पुढचा येऊन बसलेला असेल आणि स्वतःहून तयार असेल तरच आधी घ्या, बारा-वीसला बोलावलेल्या शहाद्याच्या मुलाला रस्त्यात असताना "अकरालाच ये" असा फोन गेला तर तो मुलाखतीआधीच घाबरतो.

संध्याकाळी L कॉलमला फिल्टर लावा. "पूर्ण" आणि "लागू नाही" सोडून काहीही दिसलं तर तो माणूस कंपनीतून बाहेर पडायच्या आत गाठा. सगळं पूर्ण दिसलं की शीटची एक कॉपी तारखेच्या नावानं काढून ठेवा, मूळ शीट पुढच्या वेळेसाठी I, J, K रिकामे करून वापरता येते, फॉर्म्युले परत लिहावे लागत नाहीत.